राजीनाम्यातील तारीख आधी ठरवा

वडिलांच्या आजारपणासाठी तुम्ही बँकेच्या शाखेतील लिपिकाची नोकरी सोडत आहात. तुम्ही दाखवलेल्या राजीनाम्याच्या मसुद्यात कारण सविस्तर आले आहे, पण "तत्काळ कार्यमुक्त करावे" हे वाक्य काढून टाका. सूचना-कालावधी पूर्ण न केल्यास त्या दिवसांचा पगार वसूल होऊ शकतो. तो कालावधी किती, हे नेमणूकपत्रात पाहा.

त्याहून महत्त्वाची आहे रुजू झाल्याची तारीख. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग 5 वर्षांची सेवा लागते. कोथरूडच्या एका शाखेतील माझी सहकारी 10 जून 2019 रोजी रुजू झाली होती आणि आईच्या डायलिसिसमुळे 2024 च्या मे महिन्यातच निघणार होती. आम्ही तिचे पत्र 15 मे रोजी देऊन त्यात 15 जून हा शेवटचा दिवस स्पष्ट लिहिला, त्यामुळे सूचनेचा महिना आणि 5 वर्षे दोन्ही पूर्ण झाली. मधल्या काळात घरी राहणे अटळ असेल, तर शिल्लक रजेचा अर्ज वेगळा द्यावा. तो राजीनाम्यात मिसळू नये.

पत्र शाखा व्यवस्थापकांमार्फत सक्षम अधिकाऱ्यांना उद्देशून असावे. कारणासाठी "वडिलांच्या दीर्घ आजारामुळे त्यांची पूर्णवेळ शुश्रूषा करणे आवश्यक असल्याने" एवढे पुरे. वैद्यकीय कागद जोडण्याची गरज नाही. कर्मचारी कर्ज असेल, तर सवलतीचा व्याजदर पुढे राहील का, हे पत्र देण्यापूर्वीच विचारा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.