रिप्लाय उशिरा आला की जीव खालीवर होतो

प्रश्न: नातं जुळून तीन महिने झालेत. त्याचा रिप्लाय लांबला की धडधडतं, हा सोडून जाईल असंच वाटतं. मग सारखं 'सगळं ठीक आहे ना?' विचारते. काय करू?

उत्तर: मी नागपुरात समुपदेशन करते. गाठ त्या 'ठीक आहे ना?'मध्येच आहे. तो 'हो गं' म्हणतो आणि धडधड थांबते, पण त्याच्या शब्दाने. न विचारताही तो रात्री बोललाच असता, हे अनुभवायची संधी मनाला मिळतच नाही. म्हणून पुढच्या वेळी मन तेच मागतं, आणि आणखी लवकर.

जवळचं माणूस सोडून जाईल या धास्तीने सारखी खात्री मागत राहणं, याला अँक्शस अटॅचमेंट म्हणतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल आणि आईच्या नात्याबद्दल मांडलेला विचार हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रेमसंबंधांना लावून पाहिला. हा आजार नव्हे. (सगळं खापर आईवडिलांवर फोडायची फॅशन आहे, आधीच्या एखाद्या नात्यातला दगाही पुरतो.)

एका मुलीचं सांगते, तपशील बदलून. मित्र नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात नोकरीला. सहाला तिने विचारलं, 'निघालास का?' टिका निळ्या झाल्या, उत्तर नाही. सातपर्यंत ती त्याचं लास्ट सीन बघत बसली. मग 'राहू दे, बिझी असशील' असं पाठवलं, आणि त्याने विचारावं म्हणून एक उदास स्टेटस टाकलं. तो मीटिंग संपवून खापरीहून मेट्रोत बसला होता. रात्री फोनवर ही नुसतं 'हं, हं'. 'काय झालं बाप्पा, सांग ना!' म्हणत तो शेवटी वैतागला आणि फोन ठेवला. हिला वाटलं, बघा, दूर चाललाच.

आम्ही दोनच गोष्टी केल्या. धडधड सुरू झाली की कागदावर आधी डोळ्यांना दिसलं ते लिहायचं (टिका निळ्या, उत्तर नाही) आणि खाली मनाने जोडलेलं (कंटाळला). मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवून विचारणं अर्धा तास लांबवायचं. सुरुवातीला घालमेल वाढते, ते अपेक्षितच आहे. पण न विचारताही ती उतरते, हे अंगाला कळलं की वेळ वाढवायची. दुसरं, भांडण नसताना सरळ मागायचं: 'अडकलास तर "नंतर बोलतो" एवढं टाक.' रुसून परीक्षा घेतली तर समोरच्याला प्रश्नच कळत नाही.

मात्र दर वेळी खोट तुमच्यातच असते असं नाही. कोणी आठवडाभर गोड बोलून मग दोन दिवस गायब होत असेल, तर कोणाचाही जीव टांगणीला लागेल. ओळखायचं कसं? वरची साधी मागणी करा आणि पुढचे काही आठवडे बघा. विसरला तरी आठवण दिल्यावर पाळतो, तर काळजी बरीचशी तुमच्या मनातली. 'तू फारच चिकटतेस' म्हणून तुम्हालाच गप्प करतो, तर अर्धा तास थांबायचा सराव तिथे कामाचा नाही. नात्याचाच विचार करा.

झोप-जेवण उडालं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत आणि मराठीत बोलता येतं.