सीसीचं व्याज स्वतः मोजून बघ

इंदूरच्या सियागंजात दुकान टाकलंस, बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटही मंजूर झाली, छान. पण लिमिट वीस लाख म्हणजे वीस लाख उचलता येतात असं समजू नकोस. माल वीस लाखांचा, त्यातले चार लाख व्यापाऱ्यांचे द्यायचे, उरले सोळा. त्यातून पंचवीस टक्के मार्जिन, म्हणजे तुझा स्वतःचा वाटा, गेलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, बारा लाख.

व्याज रोज संध्याकाळच्या नावे बाकीवर लागतं. समज, १० दिवस दहा लाख बाकी होती, मग दोन लाख भरलेस आणि २० दिवस आठ लाख राहिली. बाकी गुणिले दिवस, अशा गुणाकारांची बेरीज २ कोटी ६० लाख. दर दहा टक्के असेल तर दहाने गुणून ३६५०० ने भागायचं: ७,१२३ रुपये. स्टेटमेंटवर ९,८६३ दिसले, तर पूर्ण बारा लाखांवर महिनाभराचं लावलंय.

माझ्याकडे वेगळंच झालं. ड्रॉइंग पॉवर ज्यावरून ठरते ते मालाचं स्टॉक स्टेटमेंट वेळेवर दिलं, पण शाखेत नवी ड्रॉइंग पॉवर चढवलीच नाही. जुनी नऊ लाखांचीच राहिली, दहाची बाकी जादा उचल ठरली आणि दंड पडला. शिक्क्याची पोच होती म्हणून तो परत मिळाला. तेव्हा पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस, आणि आठवड्याने नवा आकडा चढला का ते विचार.