हार्ट्समध्ये 'शूट द मून' केलं की गुण उलटे का होतात, आणि तो प्रयत्न नेमका कधी करावा?

हार्ट्समध्ये ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. एका डावात २६ गुण असतात, बदामाच्या तेरा पानांचे १३ आणि इस्पिकच्या राणीचे १३, आणि ते कोणाच्या तरी अंगावर पडतातच. उलट गुणांचा नियम नसता, तर सगळे एक्के-राजे हातात आलेला माणूस डाव संपेपर्यंत नुसता मार खात बसला असता. सगळे २६ एकट्याने ओढले, म्हणजेच मून मारला, तर आपले शून्य आणि बाकी तिघांना प्रत्येकी २६, यामुळे त्या हातालाही एक वाट मिळते, आणि इतरांना वेळ आली तर एखादा बदाम स्वतःहून अंगावर घ्यावा लागतो. २५ ओढले तर मात्र ते २५ आपल्याच नावावर. कधी करावा हे लोक हातातली पानं बघून ठरवतात. माझं म्हणणं, आधी गुणांची वही बघा.

गणपतीत आमच्या सासरी, ठाण्यात नौपाड्याला, आरती आणि जेवणं उरकली की पत्ते निघतात. पूर्वी मेंढीकोट आणि बदाम सात चालायचं. हार्ट्स घरात आणलं भाऊजींनी, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोजमध्ये यायचं त्यावर शिकून. तिथे बेरीज यंत्र करतं, आमच्याकडे सासरे वहीत मांडतात. त्या रात्री वहीत माझे ३५, भाऊजींचे ६२, जाऊबाईंचे ८१ आणि नवऱ्याचे ९३ होते. कोणीही १००ला पोचलं की खेळ संपणार होता.

पानं पास करून झाल्यावर भाऊजींकडे इस्पिकचे एक्का-राजा-राणी, बदामाचे एक्का, राजा, गुलाम, दश्शी आणि अठ्ठी, चौकटचे एक्का ते गुलाम आणि किलवरचा एक्का होता. हे अर्थात नंतर कळलं. पहिला हात त्यांनी किलवरच्या एक्क्याने घेतला आणि ओळीने चौकट उतरायला लागले. चौथ्या चौकटला नवऱ्याकडे चौकट उरलं नव्हतं, त्याने बदामाची नव्वी टाकली. बदाम फुटले. लगेच भाऊजींनी बदामाचा एक्का उतरला.

आपण होऊन बदामाचा एक्का कोणी उगाच उतरत नाही. मून चालू आहे हे तिथेच कळलं. माझ्याकडे बदामाची राणी, छक्की आणि तिर्री होती, म्हणजे मून तोडायला लागतो तसाच हात. एक्क्यावर तिर्री, राजावर छक्की टाकायची, आणि तिसऱ्या फेरीला ते गुलाम उतरले की तो हात राणीने आपोआप माझ्याकडे येणार. मून संपला.

एक्क्यावर मी तिर्री टाकली आणि पुढच्या उतारीआधी मनात बेरीज केली. मून झाला तर भाऊजी ६२वरच राहतात आणि मी ३५ अधिक २६, म्हणजे ६१. जाऊबाई १०७, नवरा ११९. खेळ तिथेच संपतो आणि मी एका गुणाने जिंकते. मी मून तोडला असता तर मला गुलाम आणि राणी असे दोनच गुण लागले असते आणि माझी आघाडी मोठीच राहिली असती, हे खरं. पण खेळ चालू राहिला असता. शिवाय पुढची उतारी माझी आणि हातात बहुतेक किलवर. ती उतरले असते तर भाऊजींकडे किलवर उरलं नव्हतं, त्यांनी इस्पिकची राणी माझ्याच हातावर टाकली असती. हातातला विजय सोडून ती जोखीम कशाला घ्यायची?

त्यांनी राजा उतरला, मी त्यावर बदामाची राणी टाकली. सगळ्यांना वाटलं, माझ्याकडे तेवढं एकच बदाम उरलं होतं. त्यांनी गुलाम उतरला, तेव्हा मी छक्की टाकली. नवऱ्याने ती बघितली आणि म्हणाला, "अगं, छक्की होती तर राणी का घालवलीस?" मी काही बोलले नाही. दश्शी, अठ्ठी आणि शेवटी इस्पिकची तीन पानं, सगळे हात भाऊजींचे. ते उठून उभे राहिले होते. सासऱ्यांनी शांतपणे बेरीज केली आणि वही फिरवून दाखवली.

तेव्हापासून दरवर्षी तोच वाद. "वहिनी, मून मारणारा हरतो कसा? तुम्ही मुद्दाम सोडलंत." हो, मुद्दाम सोडलं, आणि पुन्हा तसंच खेळेन. हार्ट्समध्ये कोणी कोणाचा भिडू नसतो. मून तोडणं हे माझं कर्तव्य नव्हतं, खेळ जिंकणं हे होतं. नवरा आणि जाऊबाई रागावल्या तेही मला मान्य नाही. त्यांचा खेळ वाचवायचं काम माझं कधीपासून झालं?

तेव्हा मून धरायच्या आधी बाकी तिघांच्या गुणांत २६ मिळवून बघा. कोणी १००ला पोचत असेल, म्हणजे आत्ता ७४ किंवा जास्त असेल, तर खेळ तिथेच संपणार. मग २६ मिळवूनही कोणी तुमच्यापेक्षा खाली राहत असेल, तर तो मून त्याच्यासाठी मारताय. त्याच्यात आणि तुमच्यात २६ पेक्षा कमी अंतर असेल तर मात्र मून तुम्हाला पुढे नेतो. कोणीच १००च्या जवळ नसेल तर हा हिशेब एवढा कडक नाही, मून मारून अंतर कमी करणं बरंच.

पानांचं म्हणाल तर सगळे तेरा हात लागतात हा गैरसमज आहे. गुणांची पानं सगळी आली पाहिजेत, बिनगुणाचा हात गेला तर गेला. भीती असते ती बदामाच्या मधल्या भोकाची. भाऊजींकडे बदामाची राणी नव्हती. बाहेर बदामाची आठ पानं होती, आणि राणीवाल्याकडे आणखी दोन छोटी असणं अगदी नेहमीचं आहे. तो हात चांगला खेळणाऱ्यांसमोर टिकणारा नव्हता. त्यांचा मून मी होऊ दिला म्हणून झाला. हे त्यांना अजून पटत नाही. असं भोक असेल, किंवा दुर्री-तिर्रीसारखं एकटं बदाम हातात असेल आणि ते पास करता येत नसेल, तर नाद सोडा. आणि सुटका बघून ठेवा. एखादं छोटं चौकट किंवा किलवर हातात असेल, तर बदाम गळल्याबरोबर ते उतरून उतारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते, मग एक-दोन गुणांवर निभावतं. भाऊजींच्या हातात तसं एकही पान नव्हतं, मी तोडलं असतं तर तोवर ओढलेले सगळे बदाम त्यांच्याच नावावर राहिले असते.

एक सांगायचं राहिलं. काही घरी मून मारणाऱ्याला निवड असते, इतरांना २६ द्या किंवा स्वतःचे २६ कमी करा. ती असती तर भाऊजी ३६वर आले असते, मी ३५वर राहिले असते आणि खेळ पुढे चालला असता. त्यांनी तीच मागितली होती, पण डाव संपल्यावर. आता आम्ही पहिली पानं पिसायच्या आधीच ठरवतो. आणि तुमच्याकडे पहिला कोण याला किंमत नसून ज्याचे गुण सर्वांत जास्त त्याने सगळ्यांच्या वडापावचे पैसे द्यायचे असतील, तर माझा वरचा हिशेब लागू नाही. मग भाऊजींचा मून बरोबर होता, कारण पैसे नवऱ्याला द्यावे लागले असते.