कॅशलेस अडकलं की कुणाला गाठायचं?

प्रश्न: सासऱ्यांचं ऑपरेशन रत्नागिरीत आहे. हॉस्पिटलवाले म्हणतात टीपीएला विचारा, टीपीए म्हणतो विमा कंपनीला विचारा, एजंट म्हणतो हॉस्पिटलातच बघा. नक्की कुणाकडे कशासाठी जायचं?

उत्तर: मी याच जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात विम्याचं काम बघतो. ज्या काउंटरवर ‘टीपीए डेस्क’ अशी पाटी असते, तिथे बसतो. निम्मा घोळ त्या पाटीपासूनच सुरू होतो. तिथला माणूस टीपीएचा नसतो, हॉस्पिटलचा पगारी असतो. तुमची कागदपत्रं स्कॅन करून पोर्टलवर चढवणं आणि आलेल्या क्वेरीला डॉक्टरांकडून उत्तर लिहून घेणं, एवढं त्याचं काम. त्याच्यावर ओरडून मंजुरी वाढत नाही. मात्र तो ढिला पडला तर सगळंच लटकतं, हेही खरं.

खरा टीपीए मुंबई-पुण्यात कुठेतरी बसलेला असतो. विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा, परवाना असलेली ती वेगळी संस्था, आणि तिला फी मिळते विमा कंपनीकडून. कागद तपासायचे, पॉलिसीच्या अटी लावून रक्कम काढायची, हॉस्पिटलला मंजुरीचं पत्र पाठवायचं, ही तिची कामं. पैसे विमा कंपनीच्याच खात्यातून येतात, आणि क्लेम कायमचा नाकारायचा अधिकारही कंपनीचाच. काही कंपन्या टीपीए ठेवतच नाहीत, सगळं स्वतः बघतात. तिथे मधला दुवाच नाही, थेट कंपनीच्या क्लेम विभागाशी बोलायचं.

आता तुमचं अडलंय कुठे ते बघा. अर्ज गेला आणि ‘क्वेरी’ आली, तर चेंडू हॉस्पिटलच्या कोर्टात आहे. क्वेरी साधारण अशी असते: त्रास किती दिवसांपासून आहे, पहिल्या तपासणीचा कागद द्या, बीपी-शुगर कधीपासून. याचं उत्तर डॉक्टरांनीच सही-शिक्क्यानिशी द्यायचं असतं. टीपीएला दहा फोन केलेत तरी पलीकडून ‘हॉस्पिटलकडून कागद येणं बाकी’ एवढंच ऐकू येईल. डेस्कवर जाऊन क्वेरीची प्रत मागून घ्या. गावच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी हवी असेल तर ती तुमच्याच घरात सापडणार.

उत्तर जाऊनही हालचाल नसेल तेव्हा टीपीएला फोन करा, हातात क्लेम नंबर ठेवून. मे 2024 च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जास्तीचं बिल लावलं, तर तो भार विमा कंपनीवर. म्हणून हॉस्पिटलने अंतिम बिल पोर्टलवर किती वाजता टाकलं ते विचारून लिहून ठेवा. बऱ्याचदा उशीर टीपीएचा नसतो, बिलच दुपारी चढवलेलं असतं.

पॉलिसीतच चूक असेल, म्हणजे नाव आधारपेक्षा वेगळं, जन्मतारीख चुकलेली किंवा हप्ता भरूनही नूतनीकरण दिसत नसेल, तर टीपीए काही करू शकत नाही. आपल्याकडे कागदावर एक नाव आणि घरी दुसरंच, हे नेहमीचं. ती दुरुस्ती कंपनीची शाखा करते. एजंटाला इथे कामाला लावा. पॉलिसी मुंबईतल्या मुलाच्या नोकरीतली असेल, तर त्याच्या ऑफिसचा एचआर.

कापलेल्या रकमेबद्दल मात्र नीट सांगतो, कारण लोक तिथेच गप्प बसतात. आमच्याकडे देवगडच्या एका काकांचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. विमा तीन लाखांचा, रूमची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये. त्यांनी 4,000 ची रूम घेतली, तीन दिवस. बिल आलं 1,02,000: रूमचे 12,000, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर मिळून 60,000, औषधं व साहित्य 22,000, तपासण्या 8,000. मंजूर झाले 81,500.

रूमचे 3,000 कापले ते ठीक. ग्लोव्ह्जसारख्या विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे 2,500 गेले, तेही ठीक. पण सर्जन-थिएटरच्या 60,000 मधून पंचवीस टक्के, म्हणजे 15,000 गेले होते. महागडी रूम घेतली की बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापायचे, अशी ही अट असते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ती लागत नाही, आणि तिथे टीपीएने ती लावलीही नव्हती. पण रूमप्रमाणे दर बदलत नसलेल्या हॉस्पिटलातही ती लावता येत नाही. आमच्याकडे जनरल वॉर्ड असो की एसी रूम, पित्ताशयाच्या ऑपरेशनचा दर एकच.

काकांचा मुलगा टीपीएच्या फोन लाइनवर भांडत होता. त्याला म्हटलं, ‘अरे, आधी आमच्याकडून कागद घे.’ हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून दिलं, की शस्त्रक्रियेचे दर रूमच्या प्रकारावर अवलंबून नाहीत, सोबत दरपत्रक. तेवढं आणि कपातीचा तक्ता जोडून त्याने टीपीएला ईमेल केला, कंपनीच्या शाखेला प्रत. डिस्चार्जच्या दिवशी 20,500 भरावेच लागले, पण त्यातले 15,000 नंतर काकांच्या खात्यात जमा झाले. कंपनीकडून, टीपीएकडून नव्हे. हा तक्ता कुणी आपणहून हातात देत नाही, मागावा लागतो. रूम निवडण्याआधी पॉलिसीतली मर्यादा बघून घेतलीत, तर ही भानगडच होत नाही.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम गेला असं समजू नका. कागद अपुरे असले, हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नसलं, तरीही नकार येतो. बिल भरा, मूळ कागद सांभाळा, झेरॉक्स काढून ठेवा आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत परताव्यासाठी दावा करा. तोही टीपीएकडेच जातो.

परतावाही नाकारला, तर नकार कंपनीकडून लेखी आणि कारणासकट मागा. कंपनीतही तो एकट्या अधिकाऱ्याने द्यायचा नसतो, तिच्या समितीची मान्यता लागते. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. तिथे टीपीएचं नाव घेऊन रडण्यात अर्थ नाही, तक्रार कंपनीविरुद्धच लिहायची. bimabharosa.irdai.gov.in वरही ती नोंदवता येते, किंवा 155255 ला फोन करून.

महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे घेतात, आणि नकारापासून वर्षाच्या आत जायचं असतं. तक्रार ऑनलाइन भरता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते, तेव्हा सासऱ्यांना घेऊन घाट चढायची वेळ बहुधा येणार नाही.