शाहू महाराजांच्या तैलचित्राखालची पाटी

प्रश्न: कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या तैलचित्राखाली पाटी लावायची आहे. चरित्रातल्या तीनच गोष्टी मावतात. कोणत्या घ्याव्या?

उत्तर: दत्तकविधान, राज्यकारभाराची सुरुवात आणि १९०२ चा हुकूम. मजकूर असा चालेल:

> राजर्षी शाहू छत्रपती, कोल्हापूर (१८७४–१९२२)
> कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक आले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या.

चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. दत्तकविधानाच्या तारखेलाच कारभाराची सुरुवात धरली जाते. पण तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते, प्रत्यक्ष अधिकार आले दहा वर्षांनी. दुसरं, ‘निम्म्या नोकऱ्या दिल्या’ असं लिहिलं जातं. हुकूम पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपुरता होता, म्हणून ‘यापुढे’ हा शब्द गाळू नका. तारीख आणि शब्दरचना करवीर सरकारच्या गॅझेटमधल्या मूळ मजकुराशी ताडून पाहा, जयंतीच्या पत्रकाशी नव्हे.

जन्म-मृत्यूची सालं आणि ‘कोल्हापूर’ ठेवाच, नाहीतर साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) समजणारे हमखास भेटतात.