ब्याण्णव टक्के जुळलं आणि तांड्याची तक्रार गायब

प्रश्न: सर्व्हेतल्या ओपन-एंडेड उत्तरांचं थीमनुसार वर्गीकरण चॅटबॉटकडून करून घेतलं तर चालतं का? माणसांनी केलेल्या कोडिंगशी, म्हणजे त्यांनी वाचून लावलेल्या थीमशी, किती टक्के जुळलं म्हणजे पास समजायचं?

टक्केवारी हा निकष धरूच नका. "एवढे टक्के जुळलं की झालं" असं कुणी सांगत असेल, तर त्याने स्वतः कधी दोनशे उत्तरं बसून वाचलेली नाहीत असं मी समजते. याच आकड्यावरून माझं आमच्या प्रकल्पप्रमुखांशी वाजलं होतं आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठवाड्यातल्या काही गावांत नळपाण्याचा सर्व्हे होता. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. त्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात पोचायला हवं. ते पोचतं का, किती वेळ, किती दिवसांनी, हे सगळे प्रश्न पर्याय निवडायचे होते. शेवटी एकच मोकळा प्रश्न होता: "नळाच्या पाण्याबाबत तुमची काय अडचण आहे?" उत्तरं टॅबवर, लोक बोलले तशीच टिपलेली. संख्या हजारांत, माणसं लावायला पैसे नाहीत, म्हणून चॅटबॉट वापरायचं ठरलं. त्याला माझा विरोध नव्हता, आजही नाही. थीमही आधीच ठरल्या होत्या: वेळेचा ठिकाणा नाही, दाब कमी, पाणी खराब, पाणीपट्टी जास्त, दुरुस्ती होत नाही, वस्तीनुसार दुजाभाव, आणि तक्रार नाही.

खटका उडाला तो तपासणीवरून. सरांनी २०० उत्तरांची एक्सेल फाइल काढली, चॅटबॉटने दिलेली थीम शेजारच्या कॉलममध्ये भरली आणि फील्डवरच्या दोन सुपरवायझर ताईंना पाठवली. "चुकलं असेल तिथे लाल करा" एवढीच सूचना. लाल फारच थोडं झालं आणि सर खूश. मी म्हटलं, सर, ही तपासणी नव्हे. समोर एक उत्तर भरलेलं दिसलं की माणूस "हेही बरोबरच आहे की" म्हणून पुढे जातो. त्यातून ऑफिसातून आलेली फाइल, त्यात लाल करणं म्हणजे साहेबांचं चुकलं म्हणणं, असंही वाटतंच. मी तीच २०० उत्तरं रिकाम्या कॉलमसह दुसऱ्या दोन ताईंना दिली. दोघींनी एकमेकींना न विचारता, चॅटबॉटचं काहीही न पाहता कोडिंग केलं. मग त्यांनी समोरासमोर बसून मतभेद सोडवले आणि अंतिम यादी केली.

आता फक्त "वस्तीनुसार दुजाभाव" ही एक थीम घ्या. माझं सगळं भांडण तिच्यातच आहे. ताईंच्या अंतिम यादीत २०० पैकी २० उत्तरांत दुजाभाव होता. चॅटबॉटने ८ ठिकाणी तो लावला होता. दोन्हीकडे समान अशी फक्त ६. म्हणजे १४ सुटली, २ उगाच लागली आणि १७८ ठिकाणी दोघांनीही "नाही" म्हटलं. जुळणारी एकूण १८४, म्हणजे ९२ टक्के. सर म्हणाले, "ब्याण्णव! अजून काय हवं?"

जो चॅटबॉट एकही उत्तर न वाचता सगळीकडे "दुजाभाव नाही" लिहील, त्यालाही इथे ९० टक्के मिळतात, कारण १८० उत्तरांत दुजाभाव नाहीच. आपली सगळी मेहनत त्या वरच्या दोन टक्क्यांसाठी झाली. निव्वळ योगायोगाने जे जुळलं असतं ते वजा करण्यासाठीच कोहेनने १९६० मध्ये कप्पा नावाचं माप मांडलं. इथे योगायोगाची जुळणी अशी निघते: माणसांचं "हो" १० टक्के, यंत्राचं ४ टक्के, म्हणून दोघांचं योगायोगाने "हो" ०.००४; दोघांचं "नाही" ०.९० गुणिले ०.९६, म्हणजे ०.८६४. बेरीज ०.८६८. कप्पा म्हणजे (०.९२ − ०.८६८) भागिले (१ − ०.८६८), साधारण ०.३९. पायथॉनमध्ये दोन ओळींचं काम आहे:

```python
from sklearn.metrics import cohen_kappa_score, confusion_matrix
# manus, bot: प्रत्येक उत्तरासाठी 0 किंवा 1, अशा दोन याद्या आधी भरून घ्या
print(confusion_matrix(manus, bot))   # [[178 2] [14 6]]
print(round(cohen_kappa_score(manus, bot), 2))  # 0.39
```

यात वरची ओळ जास्त महत्त्वाची आहे. त्या चार खणांतला १४ हा आकडा सगळं सांगतो.

आता ०.३९ वाईट की चालेल? लोक लँडिस आणि कोक यांचा १९७७ चा तक्ता काढून दाखवतात, ०.६१ च्या वर चांगलं वगैरे. त्या सीमारेषा मनाने आखलेल्या आहेत हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला त्याहून उपयोगी वाटतो तो दोन माणसांचा आपसातला कप्पा. त्या दोन ताईंचं चर्चेआधीचं कोडिंग मी वेगळं जपून ठेवलं होतं. एकीने २१, दुसरीने १८, समान १६. कप्पा ०.८०. म्हणजे ही थीम माणसांना नीट कळते, यंत्रालाच कळत नव्हती. तुमच्याकडे माणसांचाच आपसात ०.४५ येत असेल तर चॅटबॉटला दोष देऊ नका, तुमची थीमच धूसर आहे. आधी ती दुरुस्त करा.

मग मी ती सुटलेली चौदा उत्तरं काढून वाचली. "गावात भरून झालं की मग तांड्याकडं सोडतेत." याला चॅटबॉटने लावलं होतं: वेळेचा ठिकाणा नाही. "आमच्याकडं येईस्तोवर टाकी रिकामी." याला: दाब कमी. "पाइप सगळ्यांच्या दारात आला, पर पाणी वरल्या गल्लीपुरतंच." यालाही दाब कमी. अन्याय, भेदभाव असा शब्द एकाही उत्तरात नाही. खेड्यात कुणी टॅब घेऊन आलेल्या अनोळखी पोरासमोर तसं उघड बोलतही नाही. कोणाला आधी आणि कोणाला उरलंसुरलं, एवढंच सांगतात. ताईंना ते एका वाचनात कळलं, कारण व्हॉल्व्ह कोण फिरवतो आणि कुठल्या बाजूला आधी फिरवतो हे त्यांनी पाहिलंय.

कारणं दोन निघाली आणि दोन्ही चॅटबॉटला दिलेल्या आमच्या सूचनेतली होती. सूचना सरांनी लिहिली होती: "प्रत्येक उत्तराला सर्वांत योग्य एक थीम द्या." पण "तांड्याला शेवटी सोडतात" यात वेळही आहे आणि दुजाभावही. एकच निवडायचं तर ठळक दिसणारं निवडलं जाणारच. दुसरं म्हणजे थीमची व्याख्याच दिलेली नव्हती, नुसतं नाव. मी ती अशी लिहिली: "उत्तरदात्याच्या वस्तीला, गल्लीला किंवा तांड्याला गावातल्या दुसऱ्या भागापेक्षा उशिरा किंवा कमी पाणी मिळतं, किंवा अजिबात मिळत नाही, अशी तुलना उत्तरात असेल तर हो, उघड शब्दांत नसली पण अर्थातून निघत असली तरी हो. सगळ्या गावालाच पाणी कमी असेल तर नाही. एखाद्याला ओळखीवर नळ मिळाला असेल तर नाही." हे शेवटचं वाक्य ताईंच्या आपसातल्या मतभेदातून आलं. "ज्याची वट त्याला नळ" या उत्तरावर दोघींचं जमत नव्हतं. मतभेदाची यादी फेकून देऊ नका ती यासाठीच. शिवाय प्रत्येक थीमसाठी वेगळा हो-नाही प्रश्न केला आणि "हो" असेल तर उत्तरातले नेमके शब्द उचलून द्यायला सांगितलं. ते शब्द मूळ उत्तरात खरंच आहेत का हे एक्सेलमध्ये शोधून तपासता येतं. नसतील तर ती ओळ माणसाकडे.

नवी सूचना त्याच २०० वर चालवून "बघा सुधारलं" म्हणायचं नाही. ती उत्तरं वाचूनच तर आपण सूचना सुधारली. नवी २०० उत्तरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढली, पुन्हा रिकाम्या कॉलमने कोडिंग. माणसांचे १८, यंत्राचे १९, समान १४. कप्पा ०.७३. जुळणी ९५.५ टक्के. म्हणजे टक्क्यांत साडेतीनचाच फरक, पण आधी वीसातली सहा सापडत होती, आता अठरातली चौदा.

बाकीचं थोडक्यात. उत्तरं एकदम शंभर-शंभर चिकटवू नका. मधली दोन-तीन गाळली जातात आणि खालच्या सगळ्या थीम एक ओळ वर सरकतात. प्रत्येक उत्तराला क्रमांक द्या, तो परत मागा, गेलेले आणि आलेले क्रमांक जुळवा. तीच उत्तरं दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवून किती थीम बदलतात तेही पाहा. पण दोन्ही वेळा तेच आलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. आमची ती चौदा पुन्हा चालवल्यावरही बहुतेक तशीच सुटत होती. नावं, मोबाइल नंबर, गावातल्या कुणाचा उल्लेख आधी काढून टाका. आणि एकूण दोन-तीनशेच उत्तरं असतील तर हा सगळा खटाटोप करूच नका, स्वतः वाचा.

कप्पाचीही एक अडचण आहे, ती सांगायला हवी. थीम फारच दुर्मीळ असेल, दोनशेत तीन-चार, तर एका उत्तराच्या फरकानेही कप्पा घसरतो. वीस उत्तरांवर काढलेला आकडासुद्धा थोडा सैलच धरायचा. म्हणून एकट्या कप्पावरही निकाल देऊ नका. सगळ्या थीमचा मिळून एक कप्पा तर काढूच नका. "पाणी खराब" सारख्या सोप्या थीम बाकीच्यांना सांभाळून घेतात आणि नेमकी कठीण थीम झाकली जाते.

सरांचं शेवटचं म्हणणं होतं की पैसे देणाऱ्यांना कप्पा कळत नाही, टक्के कळतात. कबूल. मग कप्पा नका छापू. प्रत्येक थीमपुढे एक वाक्य छापा: "माणसांना दुजाभावाच्या २० तक्रारी दिसल्या, त्यातल्या ६ चॅटबॉटने पकडल्या." हे सरपंचालाही कळतं आणि पैसे देणाऱ्यालाही. आमच्या पहिल्या मसुद्यात ते नव्हतं, ९२ टक्के होतं, आणि दुजाभाव तक्रारींच्या यादीत अगदी तळाशी गेला होता. तुमच्या रिपोर्टमध्ये हे वाक्य घालायला कुणी नको म्हणत असेल, तर त्यांना ती सुटलेली उत्तरं छापून हातात द्या आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. मी तेच केलं होतं.