परवा नीट आहे. निपाणीहून बेळगावला जायचंय. सोबत काय घेऊ, किती वाजता निघू?

सगळ्यात आधी प्रवेशपत्राची सगळी पानं आजच प्रिंट करून घ्या. मोबाईलवरची प्रत चालत नाही. स्वयंघोषणेवर पासपोर्ट फोटो चिकटवा, पोस्टकार्ड आकाराचा फोटो त्याच्या पानावर लावा, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि पालकांची सही घरीच घ्या. तुमची सही मात्र राहू द्या, ती पर्यवेक्षकांसमोर करायची असते. घाईत मुलं ती घरीच करून टाकतात. हजेरीपत्रकासाठी फॉर्मवरचाच आणखी एक पासपोर्ट फोटो ठेवा.

ओळखपत्र मूळच हवं. आधार नेणार असाल तर त्यावरचं इंग्रजी नाव प्रवेशपत्राशी अक्षर न अक्षर ताडून बघा. आडनावाचं स्पेलिंग किंवा वडिलांचं नाव वेगळं दिसलं, तर प्रवेशपत्राशी जुळणारं दुसरं मूळ ओळखपत्र काढून ठेवा.

पेन केंद्रावरच मिळतं. पारदर्शक पाण्याची बाटली चालते.

फाटक दीडला बंद होतं, मग कुणाचंही ऐकत नाहीत. हायवेने सुमारे पाऊण शे किलोमीटर आहे, त्यामुळे साडेआठची बस धरा. सीमाभागात तणाव असला की महाराष्ट्राच्या एसटी सीमेवरच थांबतात, म्हणून कोल्हापूरहून येणाऱ्या गाडीवर विसंबू नका. निपाणी डेपोतून सुटणारी कर्नाटकची बस बघा.